एका भाकरीचं पीठ

वैजनाथ आचाऱ्याला एकट्यापुरता स्वयंपाक येत नाही, हे परगावच्या माणसाला सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल. पारनेरच्या पठारावर ज्यानं वैजनाथच्या हातची बुंदी खाल्ली नाही असं पन्नाशीपुढचं माणूस शोधून सापडायचं नाही. हजार पानांचा भात हा गडी नुसता डोळ्यांनी मोजायचा. वरात वेशीत आली की किती माणूस जेवायला उठेल, ते वाजंत्र्यांच्या मागची गर्दी बघून सांगायचा, आणि त्याचा अंदाज कधी चुकायचा नाही. पण एका माणसाला तांदूळ किती लागतात, ते त्याला आयुष्यात कळलं नाही. कळायची वेळच आली नव्हती. बाहेर तो गावाला जेवू घालायचा आणि घरी रतनबाई त्याला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी रतनबाई गेली. तापाचं निमित्त झालं, नगरला नेईपर्यंत सगळं आटोपलंही. एकुलती एक लेक रेश्मा देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दहाव्या-बाराव्यापर्यंत ती राहिली, मग तिलाही तिचा संसार होता. तोवर लग्नांची कामंही आटली होती. आता लोक नगरहून टेम्पोभर माणसं मागवतात, टोप्याबिप्या घातलेली. वैजनाथला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण गुडघेही बोलायला लागले होते. वाईट वाटलं ते संध्याकाळचं. दिवेलागणीला घर नुसतं खायला उठायचं.

पहिल्या आठवड्यात त्यानं भात लावला तो चार माणसांचा झाला. दुसऱ्या दिवशी मोजूनमापून केला तर तीन माणसांचा. भाकरीचं पीठ घ्यायचा तर मूठ आपोआप भरून यायची. दोन भाकरी व्हायच्याच. एक जायची, दुसरी ताटात पडून राहायची, आणि त्या दुसऱ्या भाकरीकडे बघत पहिलीही धड जायची नाही. हळूहळू तो एकवेळच जेवायला लागला, आणि बोलणंही त्याच मापात आलं. गावात कुणी हाक मारली तर मान हलवायचा. दिवस दिवस घरातून आवाज म्हणून यायचा नाही.

अशात एके सकाळी गनीभाई दारात उभा राहिला, हातात दावं आणि दाव्याला काळी, कानांवर पांढरे ठिपके असलेली शेळी. गनीभाई म्हणजे जुना सोबती. वैजनाथची भट्टी पेटायची तेव्हा गनीभाईचा मांडव आधीच उभा असायचा. दोघांनी मिळून पठारावरची निम्मी लग्नं लावून दिली असं दोघंही सांगायचे, आणि भटजीला विसरायचे. आता गनीभाईनं मांडवाचे बांबू विकून शेळ्या घेतल्या होत्या. तो म्हणाला, माझ्याकडं गोठ्यात जागा नाही, ही अर्धलीनं सांभाळ.

अर्धलीची रीत पठारावर जुनी आहे. शेळी मालकाची, चारापाणी आणि राखण पाळणाऱ्याची. पिल्लं दोन झाली तर एक याचं, एक त्याचं. एकच झालं तर ते मालकाचं. पिल्लं दूध सोडून चाऱ्याला लागली की शेळी मालकाच्या दावणीला परत. वैजनाथ हो म्हणाला नाही आणि नको म्हणाला नाही. गनीभाईनं दावं खुंटीला अडकवलं आणि तो निघून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी दुसरी भाकरी पहिल्यांदा संपली.

शेळीचं नाव गनीभाईकडे काही नव्हतं. वैजनाथनं ठेवलं ठिपकी. भाकरीचा तुकडा मोडला की ती ओठ पुढे करायची, तो एक तुकडा तिला द्यायचा आणि एक आपल्या तोंडात घालायचा. मग तिच्याशी बोलणं आलंच. आमटीला आज आमसूल कमी पडलं, पलीकडच्या वाडीत कुणाच्या तरी साखरपुड्याला पनीर केलं म्हणे, रतनबाई असती तर काय म्हणाली असती. शेळी ऐकून घ्यायची. माणसानं इतकं ऐकून घेतलं असतं तर गावातली निम्मी भांडणं मिटली असती. उरलेला भात, पोळी, सणाचा शिरा, सगळं ठिपकीच्या गव्हाणीत जायचं. दिवाळीपर्यंत तिची पाठ अशी रुंद झाली की लेकरांनी तिच्यावर पाटी ठेवून अभ्यास करावा.

दिवाळीला रेश्मा पोरांना घेऊन आली, घर चार दिवस गजबजलं, आणि भाऊबीजेच्या दिवशी दुपारच्या एसटीनं गेली. त्याच संध्याकाळी ठिपकीनं ओरडायला सुरुवात केली. चारा टाकला, पाणी दाखवलं, तरी थांबेना, शेपूट हलवत रस्त्याकडे बघून ओरडत राहिली. वैजनाथला भरून आलं. त्यानं जाऊन गनीभाईला सांगितलं की मुक्या जिवालाही पोरांची आठवण येते बघ. गनीभाई पोट धरून हसला आणि म्हणाला, अरे बाबा, ती माजावर आलीय, तिला तुझी नातवंडं नकोत, बोकड पाहिजे. त्याच सांजेला गनीभाईच्या बोकडाकडे नेऊन ती फळवून आणली. वैजनाथ स्वतःवरच हसला. बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून तेही त्याच्या लक्षात राहिलं.

थंडी सरली, शिमगा आला. ठिपकीचं पोट दोन्ही अंगांनी खाली ओघळलं होतं. गनीभाई बघून म्हणाला, दोन आहेत. आणि तेव्हापासून वैजनाथच्या मनात एक गोष्ट येऊन बसली. दोन झाली तर एक आपलं. पाठ झाली तर बरं, म्हणजे मादी. ठिपकी परत गेली तरी तिची लेक इथं राहील. खुंटीला दावं राहील, दावणीला तोंड राहील, दुसरी भाकरी वाया जायची नाही. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटलं नाही, पण रोज संध्याकाळी तो तिच्या पोटाला हात लावून बघायचा.

रमजानचा महिना चालू होता आणि पाडवा आठवड्यावर आला होता, तेव्हा ठिपकीनं भाकरी टाकली. नुसती हुंगली आणि मान फिरवली.

इथं वैजनाथ आचाऱ्याची अक्कल आडवी आली. रंगपंचमीला त्यानं पुरणपोळ्या केल्या होत्या, अर्थात पाच माणसांच्या, आणि त्यातल्या चार ठिपकीच्या पोटात गेल्या होत्या. त्यानं ओळखलं, हे पोळीचं पोट. उभा जन्म त्यानं माणसांना खाऊन आजारी पडताना बघितलं होतं. पैज लावून जिलब्या खाणारे, वरपक्षाकडून मानानं तुडुंब जेवणारे, दुसऱ्या दिवशी गडबडा लोळणारे. त्या सगळ्यांना त्याचा एकच उपाय असायचा, ओवा आणि सैंधव घातलेलं कोमट पाणी, आणि लंघन. लंघन हे मोठं औषध. जेवू घालणाऱ्यानं उपाशी ठेवायलाही शिकलं पाहिजे, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. त्यात शेजारच्या बनुबाईनं भर घातली की शेळी आधीच माजलीय, आणखी चारलीस तर पिल्लं मोठी होऊन अडतील. झालं. त्यानं गव्हाण रिकामी केली, कडवळाची पेंढी उचलून माळ्यावर टाकली आणि ठिपकीला ओव्याचं पाणी पाजलं.

त्या दिवशी ती गप्प पडून राहिली. वैजनाथला वाटलं, पोटाला आराम पडला. दुसऱ्या दिवशीही गप्पच होती. दात मात्र करकर वाजवत होती. तो तिच्याजवळ बसला आणि तिला समजावलं की एक दिवस कळ काढ, मग तुला पातळ पेज देतो. स्वतःही तो त्या दोन्ही दिवशी जेवला नाही. ती उपाशी असताना आपल्या घशाखाली कसा घास उतरेल, असं त्याला वाटलं. एवढी माया होती, आणि मायेनंच तो तिचा जीव घेत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठून परसात गेला तर ठिपकी भिंतीला कपाळ टेकून उभी. तिला हाक मारली तर कान हलला नाही. डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी लवेना. दाव्याला धरून वळवायला गेला तर तिचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती कुशीवर बसली ती बसलीच. मान एका बाजूला वळवून घेतली. तिची मान सरळ करावी म्हणून वैजनाथ तिच्या तोंडाशी वाकला आणि त्याला वास आला.

तो वास त्याच्या ओळखीचा होता. अननसाचा शिरा ही त्याची खासियत होती, आणि खरा अननस पठारावर मिळतो कधी, त्यामुळे सगळी मदार नगरहून आणलेल्या इसेन्सच्या बाटलीवर. गोड, उग्र, नाकात चढणारा. ठिपकीच्या श्वासाला अगदी तोच वास येत होता. त्याच्या मनात पहिला विचार आला की हिनं रात्री घरात शिरून बाटली फोडली. तो गुडघे विसरून आत धावला, झाऱ्या-उलथन्यांची जुनी ट्रंक उघडली. बाटली जागच्या जागी होती, झाकण घट्ट, तळाला इसेन्स वाळून चिकटलेला. रतनबाई गेल्यापासून ती उघडलीच नव्हती. बाटली हातात घेऊन तो तिथंच खाली बसला. वास बाटलीतून येत नव्हता, तिच्या आतून येत होता. मग मात्र तो भ्याला.

गनीभाईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्याच्या बायकोला, मलिकाभाभीला लावला तर ती म्हणाली, ते ईदच्या आधीचा बाजार म्हणून चार बोकड घेऊन घोडेगावला गेलेत, त्या गर्दीत फोन ऐकू येत नसेल. मग त्यानं जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडमना लावला. डॉक्टर मोनिका नव्यानं आल्या होत्या, स्कूटीवरून सगळं पठार पालथं घालायच्या. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. गाभण आहे का, आणि केव्हापासून खात नाही. मग म्हणाल्या, तोंडात काही ओतू नका, मी निघालेय.

आल्या आल्या त्यांनी ठिपकीचं पोट दोन्ही हातांनी चाचपलं, पापणी उलटून बघितली, श्वास हुंगला आणि मान हलवली. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काढून, माणसांची साखर तपासतात त्याच यंत्रावर लावला. आकडा आला पंचवीस. शेळीची पन्नासच्या खाली नसावी, असं त्या म्हणाल्या. मग दोघांनी मिळून ठिपकीला कसंबसं उभं केलं. उठल्याबरोबर ती मुतली, त्या धारेत मॅडमनी एक कागदी पट्टी धरली, आणि बघता बघता ती पट्टी वांग्याच्या सालीसारखी जांभळी झाली.

वैजनाथनं विचारलं की पोळी बाधली का. मॅडम सुईला औषध भरता भरता बोलत होत्या. पोटात दोन पिल्लं आहेत, शेवटच्या महिन्यात ती आईच्या रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. त्यांनी जागा व्यापली की आईच्या पोटात चारा कमी मावतो, म्हणून नेमकं तेव्हाच थोडं थोडं, कसदार आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. तेवढं मिळालं नाही तर शेळी अंगावरची चरबी जाळते. ही लठ्ठ आहे, हिची एकदम जळायला लागली, यकृताला ते झेपलं नाही, आणि त्यातून निघालेला कीटोन नावाचा विखार रक्तात साठला. तुम्हाला जो वास येतोय तो त्याचाच.

वैजनाथ म्हणाला, "म्हंजी ती उपाशी हुती?"

"हो."

"म्या लंघन दिलं तिला. दोन दिस."

मॅडम रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, गोठ्यात सावली कुठं आहे, आणि ठिपकीला तिकडे सरकवायला सांगितलं.

मानेच्या शिरेतून त्यांनी साखरेचं घट्ट सलाईन अगदी हळूहळू सोडलं. मग दुसरी, पातळ बाटली छपराच्या वाशाला टांगली. कातडीखाली कॅल्शियम दिलं, एक जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. वैजनाथला राहवेना. तो म्हणाला, एकतारी पाक करून आणू का, शेरभर साखर घरात आहे. जन्मात दुसरं काही येत नसलं तरी पाक त्याला येत होता. मॅडम म्हणाल्या, नको, तोंडानं दिलेली साखर शेळीच्या मोठ्या पोटातले जंतूच आधी खाऊन टाकतात, रक्तात पोचत नाही, वर आंबट होऊन आणखी त्रास होतो. त्यांनी पिशवीतून दाट, बिनरंगाच्या औषधाची बाटली काढली. याची साखर तिचं यकृत स्वतः करतं, म्हणाल्या. हे सकाळ-संध्याकाळ द्यायचं, ती मान धरायला लागली आणि गिळायला लागली की मगच, डोकं फार वर न उचलता, गालाच्या कडेनं, थोडं थोडं. नाहीतर फुप्फुसात जाईल.

दुसरी बाटली निम्मी झाली तेव्हा ठिपकीनं मान सरळ केली. डोळ्यापुढून माशी गेली तशी पापणी हलली. वैजनाथनं तोंड फिरवून घेतलं, कारण परक्या बाईसमोर रडणं बरं दिसलं नसतं.

पण मॅडमचं काम संपलं नव्हतं. त्या उकिडव्या बसल्या आणि त्यांनी विचारलं, शेळी फळवली कधी, तारीख आठवते का. लोकांना ती कधीच आठवत नाही. वैजनाथ विचार न करता म्हणाला, "भाऊबीज." घर रिकामं झाल्याचा दिवस माणूस विसरत नाही. मॅडमनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, म्हणजे अजून आठ-दहा दिवस बाकी आहेत.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सलाईन आणि औषधावर ढकलत न्यायचं. पिल्लांना आणखी आठवडा मिळेल, ती भरतील. पण तोवर ती आईकडून साखर ओढतच राहतील, आणि ही पुन्हा बसली तर तिघंही जातील. दुसरी, आजच इंजेक्शन देऊन तिला व्यायला लावायचं. उद्या-परवा होईल. ओझं उतरलं की आई वाचायची शक्यता चांगली. पिल्लं कच्ची असतील, त्यात उपासमार झालेली. एखादं जगेल, कदाचित एकही नाही. सिझेरियनही करता येतं, पण इतक्या अशक्त शेळीला ते झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"मालक म्हणून तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या.

मालक आपण नाही, हे वैजनाथनं सांगितलं. गनीभाईला पुन्हा फोन लावला, पुन्हा वाजून बंद झाला. मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण स्कूटीकडे बघत होत्या. पुढच्या वाडीत एक गाय अडली होती.

वैजनाथ ठिपकीजवळ बसला. तिच्या पोटावर रोजच्यासारखा हात ठेवला तेव्हा आत काहीतरी हललं. एकच हललं की दोन्ही, ते कळेना. हिशेब उघड होता, पंगतीचा हिशेब करणाऱ्याला तो काय अवघड. थांबलं आणि नशीब बरं असलं तर दोन पिल्लं, म्हणजे एक आपलं. इंजेक्शन दिलं आणि एक दगावलं तर उरलेलं गनीभाईचं. शेळीही गनीभाईची. मग आपल्या हातात रिकामी खुंटी. आणि ही अवस्था आली ती आपण उचलून ठेवलेल्या पेंढीमुळे. ती अजून माळ्यावर होती, इथून दिसत होती.

"शेळी वाचवा," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांत त्यानं काय सोडून दिलं ते मॅडमना ठाऊक नव्हतं आणि त्यानं सांगितलंही नाही. त्यांनी इंजेक्शन दिलं, खाण्याचं नीट समजावलं, उद्या येते म्हणाल्या आणि गेल्या. वैजनाथनं माळ्यावरची पेंढी खाली काढली. बनुबाईच्या रानातून हिरवा घास मागून आणला, मक्याचा भरडा मुठीनं मोजला. हात सवयीनं भरून आला तेव्हा त्यानं निम्मा परत टाकला. भरमसाट भरडा दिला तर तोही बाधेल, मॅडमनी बजावलं होतं. ठिपकीनं घासाची दोन पानं ओढली आणि बराच वेळ चावत राहिली. तो समोर बसून होता. त्याला तिच्याशी काही बोलवेना.

गनीभाई दुसऱ्या दिवशी सकाळी आला. रोज्यानं ओठ सुकलेले, बाजाराची धूळ अजून टोपीवर. मलिकाभाभीनं त्याला सगळं सांगितलं होतं, म्हणजे सगळं नाही, शेळी आजारी आहे एवढंच. उरलेलं वैजनाथनं सांगितलं. पुरणपोळ्या, ओवा, लंघन, पेंढी. काही लपवलं नाही. गनीभाई ऐकत राहिला आणि शेवटी ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवून गोठ्यातच बैठक मारली. दिवसभर हलला नाही. मॅडम येऊन आणखी एक सलाईन लावून गेल्या. दोघा म्हाताऱ्यांनी मांडवातल्यासारखी कामं वाटून घेतली, एकानं गोणपाट अंथरलं, दुसऱ्यानं पाणी तापवलं.

दिवस मावळता मावळता ठिपकी व्याली. पहिला बोकड आला, पुरा घडलेला, काळा कुळकुळीत, पण त्यात जीव नव्हता. गनीभाईनं त्याला मागच्या पायांनी धरून हलवलं, नाकातला चिकटा काढला, छाती चोळली आणि मग गोणपाटाखाली ठेवून दिलं. दुसरी पाठ आली. एवढीशी, दोन्ही कानांवर पांढरे ठिपके. ती शिंकली. वैजनाथनं तिला कोरडं पुसलं, ठिपकीची कास धुतली, आणि पहिला चीक बोटानं तिच्या तोंडात लावला. थोड्या वेळानं ती स्वतः ओढायला लागली.

मशिदीवरून बांग आली. मलिकाभाभीनं खजुराचा डबा सकाळीच सोबत दिला होता. वैजनाथनं तांब्या भरून आणला, गनीभाईनं गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून रोजा सोडला आणि दोन खजूर वैजनाथच्या हातावर ठेवले. चार दिवसांत वैजनाथच्या तोंडात गेलेला तो पहिला घास होता.

मग तो म्हणाला, "दोघींना घेऊन जा, गनी. रीत तीच हाय. आन रीत सोड, माझ्याकडं जनावर ठिवायच्या लायकीचा मी न्हाई. मी तिची भूक कधी बघितलीच न्हाई. माझं उरलेलं बघत हुतो."

गनीभाई खजुराची बी हातात फिरवत राहिला.

"गोठ्यात जागा न्हाई म्हनलो तवा खोटं बोललो हुतो," तो म्हणाला. "मलिका म्हनली, वैजूभाईचा आवाज आईकला न्हाई लई दिस झालं, काईतरी दे त्याच्याकडं. म्हनून शेळी दिली. मानूस देता आला असता तर मानूस दिला असता."

गनीभाई उठला, मेलेलं पिल्लू पुरायला घेतलं आणि निघता निघता थांबला. पाठ आपल्या वाट्याची आहे, हे तो विसरलेला नव्हता आणि तो वाटा सोडणाराही नव्हता. मोठ्या मनाची सोंगं त्याला येत नसत. तो म्हणाला की चाऱ्याला लागली की दोघींना नेईन, पावसाळ्याच्या तोंडाला. तोवर इथंच राहू दे, दूध पिणाऱ्या लेकराला हलवू नये. आणि पुन्हा तिला पुरणपोळी घातलेली दिसली तर त्याच दिवशी नेईन.

तो गेल्यावर घर नेहमीसारखं गप्प झालं. वैजनाथनं चूल पेटवली. पिठाच्या डब्यात हात घातला, मूठ भरून आली. तो ती मूठ बघत राहिला. मग थोडं पीठ परत टाकलं, पुन्हा बघितलं, आणखी चिमूटभर टाकलं. उरलेलं परातीत घेऊन मळलं. गोळा एवढासा झाला की आचाऱ्याला हसू यावं, पण त्यातून एक भाकरी झाली, एका माणसाची.

ताट घेऊन तो गोठ्याच्या दारात बसला. ठिपकीपुढे तिचा घास होता, मोजलेला भरडा होता. पाठ पोटाशी धडका देत दूध पीत होती. ठिपकी आपलं खात होती, वैजनाथ आपलं खात होता. शेवटचा तुकडा मोडताना त्याचा हात सवयीनं गव्हाणीकडे गेला. तिनंही मान वर करून ओठ पुढे केले.

त्यानं हात मागे घेतला आणि तो तुकडा आपल्याच तोंडात घातला.